सव्वाआठचा भोंगा

नायगावात माझा दवाखाना तीस वर्षांहून अधिक काळ आहे. येथील जुन्या रुग्णांच्या बोलण्यात अजूनही एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे भोंगा. पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. भोंगा झाला की माणूस घराबाहेर पडलेला असे. गिरण्या थंडावल्या, भोंगे बंद झाले. परंतु त्या आवाजाने दिवसाला घातलेला बांध किती मोलाचा होता, हे मला एका रुग्णामुळे नव्याने समजले.

हे काका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. तरुणपणी ते गिरणीत साचेखात्यात होते. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटली आणि पुढे वीस वर्षे त्यांनी रखवालदाराची नोकरी केली. आयुष्य चाळीत गेले. तेथे नळाला पाणी ठरलेल्या वेळी येई, मजल्यावरच्या शौचालयासमोर रांग असे. त्यामुळे निवृत्तीनंतरही सकाळ आपोआप आखलेली राहिली. दोन वर्षांपूर्वी कुटुंब नव्या इमारतीत राहावयास गेले. घरात स्वतंत्र न्हाणीघर, चोवीस तास पाणी. सुख आले आणि त्याच दिवशी सकाळीवरची सारी बंधने एकदम सुटली.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शेजारच्या बाईंनी प्रसंगावधान राखून घरातील यंत्रावर साखर तपासली. ती 58 भरली. सत्तरच्या खाली साखर जाणे धोक्याचे असते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांनी काकांना पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि मग मला बोलावले.

कारण शोधणे कठीण नव्हते. काकांना मधुमेहासाठी जी गोळी चालू होती, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावते. अशी गोळी न्याहारीबरोबर घ्यावयाची असते. गोळी पोटात गेली आणि अन्न गेले नाही, तर इन्सुलिन आपले काम करीतच राहते व साखर घसरते. सूनबाई नोकरीवर जाण्यापूर्वी आठ वाजता गोळी हातावर ठेवीत आणि न्याहारी झाकून जात. काका गोळी लगेच घेत. न्याहारी मात्र ‘सगळे आवरून’ करीत. ते आवरणे दर महिन्याला थोडे थोडे लांबत सव्वादहापर्यंत पोहोचले होते.

“डॉक्टर, मी काही आळशी नाही,” काका म्हणाले. “पहाटे सहाला उठतो. पण आवरता आवरता दहा वाजतात.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. काम कमी असूनही ते उपलब्ध वेळ भरून टाकते, या अनुभवाला नियमाचे रूप दिले ते सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने. नोव्हेंबर 1955 मध्ये लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकात त्यांचा खुसखुशीत लेख आला. लेखाचा रोख सरकारी कचेऱ्यांवर होता. पण आरंभीचे उदाहरण होते एका निवांत वृद्ध बाईंचे. भाचीला एक पोस्टकार्ड पाठविण्यात त्यांचा दिवस जातो. कार्ड शोधण्यात एक तास, चष्मा शोधण्यात एक तास, पत्ता सापडेपर्यंत अर्धा तास, मजकुराला सव्वा तास. आणि टपालपेटीपर्यंत जाताना छत्री न्यावी की नको, हे ठरविण्यात वीस मिनिटे. कामात बुडालेला माणूस तेच कार्ड तीन मिनिटांत लिहितो.

या उदाहरणात वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्या बाईंचा हात मंद नाही. वेळ जातो तो शोधण्यात आणि ठरविण्यात. म्हणून मी सूनबाईंना सांगितले, “तीन सकाळी काकांना काहीही न बोलता, घाई न करता, फक्त लिहून काढा. प्रत्येक कामाला एकूण किती वेळ लागला आणि त्यात प्रत्यक्ष हात किती वेळ चालले.” त्यांनी दोन दिवस रजा घेतली, एक रविवार धरला आणि वहीत नोंद केली.

सहा ते सव्वादहा म्हणजे 255 मिनिटे. त्यांतील सरासरी हिशेब असा निघाला. चहा 15 मिनिटे, शौच 20. दात घासणे व दाढी मिळून 45, त्यांत हात चालले 20. आंघोळ 40, प्रत्यक्ष 15. कपडे 20, प्रत्यक्ष 10. पूजा 45, प्रत्यक्ष 25. उरलेली 70 मिनिटे वर्तमानपत्राची. म्हणजे हातांचे काम अवघे 105 मिनिटांचे. मधली 80 मिनिटे ब्लेड शोधणे, गीझर लावून पुन्हा खोलीत येऊन बसणे, दोन सदऱ्यांपैकी कोणता घालावा याचा विचार, फुले निवडून झाल्यावर वात संपल्याचे लक्षात येणे, यांत विरत होती.

गोळीचा धोका मी त्याच दिवशी दूर केला. गोळी आता न्याहारीच्या ताटलीपाशी राहील आणि पहिल्या घासाबरोबरच घेतली जाईल. वेळेची शिस्त लागेपर्यंत औषधाची सुरक्षितता थांबवून ठेवता येत नाही. वाचकांपैकी कोणी अशी गोळी घेत असल्यास तिचा न्याहारीशी असलेला संबंध आपल्या डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावा. स्वतःहून बदल करू नये.

वेळ आवळण्याचा पहिला प्रयत्न मात्र फसला. मुलाने उत्साहाने वडिलांच्या मोबाइलवर दहा गजर लावले. दाढीला एक, आंघोळीला एक, पूजेला एक. चौथ्या दिवशी गजर ऐकून काका ओल्या पायांनी न्हाणीघरातून बाहेर आले आणि घसरता घसरता वाचले. चूक कोठे झाली, हे उघड होते. मुदत प्रत्येक हालचालीवर घातली होती. ती मधल्या रेंगाळण्यावर घालावयास हवी होती.

दुसऱ्या वेळी आम्ही हिशेबावरून सुरुवात केली. हातांच्या कामाची 105 मिनिटे जशीच्या तशी ठेवली. त्यांतील एकही मिनिट कापले नाही. त्यावर अर्ध्या तासाची मोकळीक दिली. सहात ती मिळविली की सव्वाआठ होतात. म्हणून मुदत एकच: सव्वाआठला न्याहारी. दाढीचे सामान, कपडे व वाती रात्रीच काढून ठेवावयाचे. वर्तमानपत्र बंद केले नाही, ते न्याहारीनंतर गेले. वाचन हा काकांचा आनंद आहे, उधळपट्टी नव्हे. आणि या मुदतीला साक्षीदार नेमला. नात शाळेसाठी साडेआठला निघते. ती आजोबांबरोबरच न्याहारी करील, असे ठरले. स्वतःच स्वतःला घातलेली मुदत माणूस सहज पुढे ढकलतो. ताटावर कोणी वाट पाहत असेल, तर ती ढकलणे अवघड जाते.

पहिल्या आठवड्यात साडेनऊ झाले, दुसऱ्यात पावणेनऊ. सव्वाआठला स्थिरावण्यास जवळजवळ महिना लागला. हा विलंब अपेक्षितच होता. 1966 मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन व ई. जेरार्ड यांनी एका प्रयोगात दाखविले, की थोडक्या वेळात होणाऱ्या कामासाठी एकदा भरपूर वेळ दिला, तर तशाच दुसऱ्या कामाला वेळेचे बंधन नसतानाही माणसे अधिक वेळ घेतात. सैल वेळेची सवय लागते, आणि ती सुटण्यास दिवस लागतात.

आता या उपायाची मर्यादा. काही कामांवर मुदत कधीही घालू नये. झोपेतून उठल्यावर पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटे बसणे, शौचास जाणे, जिना उतरणे, घास चावून गिळणे, ही ती कामे. तेथील घाई म्हणजे पडणे किंवा ठसका लागणे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. दोन कारणांनी वेळ वाढतो: मधला वेळ पसरतो म्हणून, किंवा हातच मंदावले म्हणून. पहिल्यावर मुदत चालते, दुसऱ्यावर नाही. माझ्या दुसऱ्या एका रुग्ण आजींच्या घरी हीच वही लिहिली, तेव्हा मधला वेळ फारसा नव्हताच. पोलक्याची हुकं लावण्यासच पंधरा मिनिटे जात होती, आणि सामान जवळ ठेवूनही त्यांत फरक पडेना. तपासताना दिसले, की उजवा हात चालताना हलत नव्हता आणि अक्षर पूर्वीपेक्षा बारीक झाले होते. त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. निदान कंपवाताचे झाले. योगायोग असा, की या आजाराचे नावही पार्किन्सनच. ते मात्र 1817 मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांवरून आले आहे. घरचे त्या आजींना सहा महिने ‘जरा भरभर आवरा’ असे सांगत होते.

म्हणून वही आधी, मुदत नंतर. हात चालण्याचा वेळच वाढत असेल, कामाचा क्रम विसरत असेल, किंवा पूर्वी आवडीने करीत असलेल्या गोष्टींत मनच उरले नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. घरी एक सोपी चाचणीही करता येते. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालावयाचे, वळून परत येऊन बसावयाचे. शेजारी कोणीतरी उभे असावे. यास बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका वाढलेला असू शकतो.

काकांच्या सूनबाईंनी नंतर आपलीही एक वही लिहिली. सासऱ्यांची कामे रात्री साडेअकरापर्यंत पसरत होती, कारण त्यांना शेवट नव्हता. आता रात्री नऊला त्या उद्याचे सामान काढून ठेवतात आणि तेथे थांबतात.

परवा काका रक्तदाब दाखवावयास आले, तेही सकाळी साडेदहाला, दवाखाना उघडताच. पूर्वी ते एकला पाच मिनिटे असताना येत. मी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा ते म्हणाले, “आमचा भोंगा आता सव्वाआठला होतो, डॉक्टर. पण तो दप्तर पाठीला लावून येतो.”