शिबिराच्या चार ओळी

एप्रिल उजाडला की शिवाजी पार्कपासून तालुक्याच्या मैदानापर्यंत उन्हाळी क्रिकेट शिबिरांचे फोटो फिरू लागतात. खाली ओळ असते : ‘वय 8 ते 16, अनुभवी प्रशिक्षक, त्वरा करा.’ एवढ्यावर मूल पाठवू नये.

मोठ्यांचा सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅमचा असतो. आठ वर्षांच्या मुलासमोर सोळा वर्षांचा मुलगा तो जोरात टाकू लागला, तर लहानगा चेंडू येण्याआधीच पाय मागे घेतो, आणि ही सवय पुढे सुटता सुटत नाही. म्हणून गट वेगळे लिहावेत : ‘8 ते 10 टेनिस बॉल, आखूड खेळपट्टी; 11 ते 13 हलका लेदर बॉल; 14 ते 16 सीझन बॉल, हेल्मेट सक्तीचे.’

प्रशिक्षक रणजी खेळलेले असतील तर उत्तमच, पण खेळणं वेगळं, शिकवणं वेगळं. त्यांनी प्रशिक्षणाचा कोणता कोर्स केला, लहान मुलांना किती वर्षं शिकवलं, हेही त्यात यावं.

संमतिपत्रात नुसती सही नको. दमा, ॲलर्जी, चालू औषधं, तातडीचा फोन, मुलाला न्यायला कोण येणार, हे सगळं हवं. फोटो छापायची परवानगी मात्र वेगळ्या चौकटीत मागावी. ती नाकारली म्हणून प्रवेश अडवू नये.