वीस किलोवर वाकलेली रेषा

यवतमाळ जिल्ह्यातल्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना २०१५पासून कंट्रोलच्या दुकानात माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळत असे, गहू दोन रुपये किलोने आणि तांदूळ तीन रुपये किलोने. ही योजना आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी होती. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा. पुढे केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळणं थांबलं आणि २०२३च्या सुरुवातीला राज्य सरकारने धान्याऐवजी माणशी १५० रुपये महिना थेट बँक खात्यात देण्याचं ठरवलं. २०२४ मध्ये ही रक्कम १७० झाली.

धान्य बरं की पैसा बरा, यावर पारावर तास न् तास वाद घालता येतो. बी.कॉम.च्या व्यावसायिक अर्थशास्त्रात मात्र या प्रश्नासाठी एक हत्यार शिकवलं जातं. समवृत्ती वक्र, अंदाजपत्रक रेषा आणि त्यांच्यावरून निघणारा उपभोक्त्याचा समतोल. बहुतेक विद्यार्थी ते सफरचंद आणि संत्र्यांवर पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आपण ते कंट्रोलच्या गव्हावर चालवून पाहू.

चार माणसांचं एक कुटुंब धरू. घरखर्चाला महिन्याला ६,००० रुपये आहेत. आलेखाच्या आडव्या अक्षावर धान्याचे किलो मांडायचे आणि उभ्या अक्षावर बाकी सगळ्यासाठी उरणारे रुपये, म्हणजे तेल, मीठ, डाळ, दवाखाना, पोरांच्या वह्या. बाकीच्या वस्तू अशा एका रकमेत गोळा केल्या की दोन अक्षांच्या कागदावर अख्खा संसार मावतो. हिशेब सोपा राहावा म्हणून सगळं धान्य गहूच धरू आणि बाजारभाव ३० रुपये किलो मानू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण दोन रुपयांचा दर आणि १५० रुपयांची रक्कम योजनेतलीच आहे.

कोणतीच मदत नसेल तर रेषा सरळ असते. उभ्या अक्षावर ६,०००पासून निघते आणि आडव्या अक्षाला २०० किलोवर टेकते. तिचा उतार ३०, कारण एक किलो गहू घरात आणायचा तर बाकीच्या खर्चातले ३० रुपये सोडावे लागतात.

आता कंट्रोलचं धान्य आलं. चार माणसांचे वीस किलो, दोन रुपयांनी. पहिल्या वीस किलोंपर्यंत रेषा जवळजवळ आडवी पडते. वीस किलोसाठी फक्त ४० रुपये जातात आणि हाती ५,९६० उरतात. एकविसावा किलो मात्र दुकानदाराकडून ३० रुपयांनी घ्यायचा, म्हणून तिथे रेषा एकदम वाकते आणि पुढे पूर्वीच्याच उताराने खाली जाते. उत्तरपत्रिकांत सर्वाधिक गुण इथेच जातात. विद्यार्थी स्वस्त धान्य म्हटलं की अख्खी रेषा एका टोकाभोवती फिरवून मोकळे होतात. तसं चित्र भाव सगळ्याच किलोंसाठी उतरला तर खरं. इथे स्वस्ताई वीस किलोंपुरती आहे, म्हणून रेषेला कोपरा हवाच. चित्र बरोबर आहे का हे तपासायचं तर बाकड्यावर बसून एकच बिंदू मोजावा. चाळीस किलो घेतले तर किती उरतात? वीस किलोंचे ४०, पुढच्या वीसचे ६००, म्हणजे ५,३६०. आपल्या रेषेवर हा बिंदू येत नसेल तर रेषा चुकली.

धान्याऐवजी पैसे आले तर कोपरा जातो. चौघांचे ६०० रुपये मिळून अंदाजपत्रक ६,६०० होतं आणि रेषा सरळ राहून समांतर वर सरकते. चाळीस किलोवर या रेषेने ५,४०० उरतात. कंट्रोलच्या रेषेपेक्षा ४० जास्त. वीस किलोच्या पलीकडे कुठेही मोजलं तरी फरक ४०च भरतो, कारण तिथे दोन्ही रेषा समांतर आहेत. वीसच्या अलीकडे पैशाची आघाडी आणखी मोठी. चौदा किलोवर कंट्रोलच्या रेषेने ५,९७२ उरतात, पैशाच्या रेषेने ६,१८०. म्हणजे ३० रुपये भावाला पैसा सगळीकडे वरचढ आहे.

रेषा फक्त काय परवडतं ते सांगते. कुटुंब त्यातलं काय निवडेल, हे समवृत्ती वक्र सांगतो. काही पुस्तकांत त्याला तटस्थता वक्र म्हणतात. धान्य आणि रुपये यांच्या ज्या ज्या जोड्या कुटुंबाला सारख्याच पसंत आहेत, त्या जोडणारी ही ओळ. तिची कल्पना एजवर्थने १८८१ मध्ये मांडली आणि आज आपण जी पद्धत शिकतो ती हिक्स आणि ॲलन यांनी १९३४ मध्ये बसवून दिली. त्यांचा मुद्दा असा की समाधान किती हे मोजण्याची गरज नाही, दोन पर्यायांतला कोणता बरा एवढं माणसाने सांगितलं तरी पुरतं.

वक्राचा बाक कुठून येतो हे घरातल्या बाईला विचारलं की लगेच कळतं. घरात वीसच किलो गहू असेल तर आणखी एका किलोसाठी ती ७० रुपयेसुद्धा मोडायला तयार होईल, कारण महिनाअखेरीला डबा रिकामा दिसतो आहे. तीस किलो असतील तर ४५. अडतीस किलोंवर ३०. पंचेचाळीस किलोंवर १५, कारण आता किडे पडायची भीती आहे. एका वाढीव किलोसाठी किती रुपये सोडायची तयारी आहे, हाच सीमान्त पर्यायता दर, आणि धान्य वाढत जाईल तसा तो घटतो. म्हणून वक्र आरंभबिंदूकडे फुगलेला असतो.

आता समतोल शोधणं सोपं. तिची तयारी ३० रुपयांपेक्षा जास्त आहे तोवर बाजारातला आणखी एक किलो घेण्यात फायदा, कमी झाली की घेण्यात तोटा. दोन्ही आकडे जुळतात ते अडतीस किलोवर. तिथे वक्र रेषेला नुसता स्पर्श करतो. कंट्रोल चालू असताना या कुटुंबाचा धान्यखर्च ५८० रुपये होता, वीस किलोंचे ४० आणि अठरा किलोंचे ५४०. हातात ५,४२० उरत. पैसे आल्यावर अडतीस किलोंचे १,१४० जातात आणि ५,४६० उरतात. चाळीस रुपयांच्या फरकाने तिची पसंती फारशी हलत नाही, म्हणून अडतीस किलो तसेच धरले आहेत.

गंमत अशी की या कुटुंबाच्या दृष्टीने कंट्रोलचं धान्यही एका अर्थी पैसाच होता. त्यांना तसाही वीसपेक्षा जास्त गहू लागतोच, त्यामुळे स्वस्त वीस किलोंनी त्यांचे ५६० रुपये वाचवले एवढंच. शेवटच्या किलोचा भाव बाजाराचाच राहिला. हेच तर्कशास्त्र हर्मन साउथवर्थ या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये अन्नमदतीच्या योजनांबद्दल मांडलं होतं. ग्रामीण भारतात माणशी महिन्याला साधारण नऊ-दहा किलो धान्य लागतं, त्यामुळे पाच किलोंच्या कोपऱ्याच्या उजवीकडे बसणारी कुटुंबं पुष्कळ असणार. एखादं घर कुठे बसतं हे ओळखायला आलेख काढायचीही गरज नाही. कंट्रोलचं धान्य उचलून झाल्यावर बाजारातूनही विकत घेता का, एवढंच विचारायचं.

उत्तर नाही असं आलं तर चित्र बदलतं. घरच्या शेतात गहू किंवा ज्वारी होते अशा कुटुंबाला बाहेरचं धान्य थोडंच लागतं. तरी दोन रुपयांनी मिळतं म्हटल्यावर ते वीस किलो उचलतातच. विसाव्या किलोची त्यांच्या लेखी किंमत समजा बारा रुपये आहे. दोनपेक्षा जास्त, तीसपेक्षा कमी. हे घर नेमकं कोपऱ्यावर आहे आणि तिथे वक्र रेषेला स्पर्श करत नाही, कोपऱ्याच्या टोकाला टेकतो. उताराची बरोबरी शोधत बसलेला विद्यार्थी इथे हमखास अडकतो, कारण बरोबरी नाहीच. या घराला पैसे दिले तर ते वीसऐवजी बारा-चौदा किलोच घेतील, बाकी पैसे खताला, वह्यांना लागतील, आणि ते आधीपेक्षा वरच्या वक्रावर जाऊन बसतील.

आतापर्यंत पैसा जिंकतो आहे, पण तो ३० रुपये भावामुळे. भाव बदलून पाहू. माणशी पाच किलोंना १५० रुपये, म्हणजे किलोमागे ३०. त्यात कंट्रोलला मोजावे लागणारे दोन मिळवले की ३२. बाजारात गहू ३२च्या खाली असेल तर कोपऱ्याच्या उजवीकडच्या कुटुंबाला पैसा फायद्याचा, वर गेला की धान्य. गहू ३६ झाला तर कंट्रोलची मदत ६८० रुपयांची ठरते आणि खात्यात येतात ६००. अडतीस किलोवाल्या घराला ८० रुपयांचा फटका. दोन्ही रेषा आता साडेसतरा किलोंच्या आसपास एकमेकींना छेदतात. त्याच्या अलीकडे पैसा वरचढ, पलीकडे धान्य. एकच निर्णय शेजारशेजारच्या दोन घरांना उलटसुलट लागू शकतो तो असा. रक्कम १७० झाली तेव्हा हा तोडीचा भाव ३६वर गेला, चार माणसांचे ६८० रुपये.

इथे माझं मत स्पष्ट आहे. वाद रोख की धान्य असा घालण्यापेक्षा तोडीच्या भावावर घालावा. कंट्रोलच्या कोपऱ्यात भाव वाढला की मदतीची किंमत आपोआप वाढत असे, कारण वीस किलो म्हणजे वीसच किलो. ठरावीक रकमेत ती सोय नाही. भाववाढीची जोखीम सरकारच्या गोदामातून घरातल्या डब्यात आली आणि ती परत काढायची तर रक्कम बाजारभावाशी बांधावी लागेल.

हिशेबाला दोन मर्यादा आहेत. बाजारभाव कोणत्या गव्हाचा धरायचा? दुकानातला चांगला लोकवन आणि कंट्रोलचा गहू एक नाही, म्हणून तुलना त्याच प्रतीच्या गव्हाशी हवी, नाहीतर धान्याची मदत उगाच मोठी दिसते. दुसरी मर्यादा वेळेची. आपली रेषा एका महिन्याची आहे. त्या महिन्याचे ६०० रुपये पुढच्या महिन्यात आले तर या महिन्यात कुटुंब ६,०००च्या मूळ रेषेवरच असतं, आणि त्या रेषेवर अडतीस किलो घेतले तर बाकीला ४,८६० उरतात. ज्या घरात उसनवारीवर व्याज चढतं तिथे पुढच्या महिन्यात आलेले ६०० हे पूर्ण ६०० राहत नाहीत. हा तोटा आलेखावर दाखवायचा असेल तर पैशाची रेषा ६,६००वरून थोडी खाली ओढावी लागते, आणि किती खाली ते सावकाराचा दर ठरवतो.