‘४२९’ आल्यावर किती थांबायचे? गैरसमज आणि वस्तुस्थिती

हैदराबादच्या तारनाका भागात आयआयसीटी आणि राष्ट्रीय पोषण संस्था आहेत. उस्मानिया विद्यापीठाचा परिसर लागूनच आहे आणि उप्पल रस्त्याने थोडे पुढे गेले की सीसीएमबी लागते. अशा संस्थांमध्ये जनुकांचे क्रम आणि शोधनिबंधांचे सारांश अमेरिकेतल्या एनसीबीआयच्या सर्व्हरवरून उतरवून घेणे हे रोजचे काम असते. हजारो नोंदी हव्या असल्या की लोक छोटा प्रोग्राम लिहितात, आणि मग कधीतरी पडद्यावर ४२९ हा आकडा येतो. या आकड्याबद्दलचे काही समज कामाचे बरेच नुकसान करतात.

गैरसमज १ : ४२९ म्हणजे सर्व्हर कोलमडला.

वस्तुस्थिती : सर्व्हर शाबूत असतो. एचटीटीपीमध्ये सर्व्हरचा स्वतःचा बिघाड ५०० च्या मालिकेतले आकडे सांगतात. ४०० ची मालिका मागणाऱ्याच्या बाजूची अडचण सांगते. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या आरएफसी ६५८५ ने ४२९ ची भर घातली. त्याचा अर्थ एवढाच, की ठरलेल्या वेळात तुम्ही फार विनंत्या पाठवल्या. एनसीबीआयची मर्यादा उघड आहे : एपीआय की नसेल तर सेकंदाला ३ विनंत्या, की असेल तर १०. मर्यादा ओलांडली की उत्तरात साधारण असा मजकूर येतो :

```
{"error":"API rate limit exceeded","count":"4","limit":"3"}
```

खरा धोका पुढे आहे. प्रोग्रामने उत्तराचा आकडा तपासला नाही, तर हाच मजकूर जनुकाचा क्रम समजून फायलीत साठवला जातो. काम पूर्ण झाल्यासारखे दिसते, पण मधल्या काही नोंदी खोट्या असतात. शंका असेल तर उतरवलेल्या फायलींत हे शोधा :

```
grep -l "API rate limit exceeded" *.fasta
```

ज्या फायलींची नावे येतील, त्या पुन्हा आणाव्या लागतील.

गैरसमज २ : मी सेकंदाला दोनच विनंत्या पाठवतो, मला ४२९ येणारच नाही.

वस्तुस्थिती : की नसेल तर मोजणी माणसागणिक होत नाही, आयपी पत्त्यागणिक होते. मोठ्या संस्थेतले शेकडो संगणक बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्यामागून बाहेर पडतात. शेजारच्या खोलीतल्या दोघांनी त्याच वेळी आपापले काम सुरू केले, तर सर्व्हरला तुम्ही तिघे मिळून एकच ग्राहक वाटता. तुमच्याच संगणकावर एक प्रोग्राम चार खिडक्यांत चालवला, तरी हेच होते. प्रत्येक प्रत आपल्यापुरती शिस्त पाळते, पण बेरीज कोणीच करत नाही. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या खात्याची की घ्यावी, आणि एका कीवरच्या सगळ्या विनंत्या एकाच रांगेतून सोडाव्यात. एकच की साऱ्या विभागाला वाटून दिली, तर जुनीच अडचण नव्या रूपात परत येते.

गैरसमज ३ : Retry-After मध्ये २ आले, म्हणजे बरोबर दोन सेकंदांनी परत जायचे.

वस्तुस्थिती : ती किमान वेळ आहे. त्याआधी येऊ नका, एवढेच सर्व्हर सांगतो. त्या क्षणी तुमच्यासाठी जागा राखून ठेवल्याचे आश्वासन त्यात नसते. या शीर्षाची रूपेही दोन असतात. एकात नुसते सेकंद असतात, दुसऱ्यात ग्रीनिच वेळेतली पूर्ण तारीख. आकडाच येणार असे धरून लिहिलेला प्रोग्राम तारीख आली की कोसळतो. शिवाय ४२९ सोबत हे शीर्ष पाठवणे बंधनकारक नाही, त्यामुळे ते नसेल तर काय करायचे हे आधीच ठरवावे लागते. ४२९ हाच आकडा येईल असेही नाही. रसायनशास्त्रज्ञांच्या नेहमीच्या वापरातले पबकेम सेकंदाला ५ विनंत्यांची मर्यादा ओलांडल्यावर ५०३ देते, आणि Retry-After त्याच्यासोबतही येऊ शकते.

गैरसमज ४ : प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट केला, की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : नुसत्या दुपटीने प्रश्न चिघळू शकतो. हे आकड्यांनीच पाहू. समजा, एका कार्यशाळेत ३० विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या सूचनेबरोबर एकाच क्षणी एकच प्रोग्राम सुरू केला. पत्ता सामायिक, मर्यादा सेकंदाला ३. पहिल्या सेकंदात तिघांचे काम झाले, २७ जणांना ४२९ आला. सगळे एक सेकंद थांबले आणि पुन्हा एकदमच आले. आणखी तिघे सुटले, २४ उरले. आता सगळे दोन सेकंद थांबले, मग चार, मग आठ. दर फेरीत तिघेच सुटतात, म्हणून दहा फेऱ्या लागतात, आणि शेवटची फेरी ५११ व्या सेकंदाला येते. म्हणजे साडेआठ मिनिटे. एकूण १६५ विनंत्या गेल्या, त्यांतल्या १३५ परत आल्या. खरे तर सेकंदाला तीन या वेगाने हे काम दहा सेकंदांचे होते. मधला जवळजवळ सगळा वेळ सर्व्हर मोकळा होता, कारण सगळे एकदम झोपत होते आणि एकदम उठत होते.

अडचण थांबण्याच्या काळात नाही, ती या एकत्र उठण्यात आहे. जिटर नेमके तेच मोडतो. चौथ्या प्रयत्नाआधी ‘बरोबर चार सेकंद’ न थांबता शून्य ते चार यांमधला कोणताही यादृच्छिक काळ निवडायचा, पुढच्या वेळी शून्य ते आठ. आठ सेकंदांच्या पट्ट्यात वीसेक जण विखुरले, की सरासरी सेकंदाला अडीच-तीन विनंत्या होतात, म्हणजे मर्यादेच्या आसपास. एखाद्या सेकंदात पाच येतील, दोघे परत जातील, पण कोंडी फुटलेली असते. मार्क ब्रूकर यांनी २०१५ मध्ये ॲमेझॉनच्या सेवांसंदर्भात या पद्धतींची तुलना मांडली, आणि तेव्हापासून ‘फुल जिटर’ हे नाव रूढ झाले. मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. एकाच तारेवर दोन यंत्रे एकदम बोलली तर काय करायचे, यासाठी इथरनेटने हीच युक्ती वापरली होती.

Retry-After आणि जिटर यांची सांगड अशी घालता येते :

```python
wait = random.uniform(0, min(60, 2**(n-1)))
if retry_after is not None:
    wait += retry_after
time.sleep(wait)
```

`n` हा फसलेल्या प्रयत्नांचा आकडा. सर्व्हरने सांगितलेला काळ पूर्ण पाळायचा आणि यादृच्छिक भाग त्यावर वाढवायचा. तो भाग त्या काळातून वजा केला, तर तुम्ही पुन्हा वेळेआधी पोहोचता. ६० ही वरची मर्यादा, नाहीतर दहाव्या प्रयत्नानंतर प्रतीक्षा साडेआठ मिनिटांपर्यंत जाऊ शकते. सहा-सात प्रयत्नांनंतर मात्र त्रुटीची नोंद करून थांबावे.

गैरसमज ५ : मोठे काम रात्री लावावे, तेव्हा गर्दी नसते.

वस्तुस्थिती : रात्र कोणाची, हे पाहावे लागते. मोठी कामे शनिवार-रविवारी किंवा इतर दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री ९ ते पहाटे ५ या वेळात करावीत, असे एनसीबीआय सांगते. तारनाक्याच्या घड्याळात ही वेळ उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच होते, आणि हिवाळ्यात तिथली घड्याळे मागे गेली की साडेसात ते साडेतीन. संध्याकाळी घरी जाताना लावलेले काम नेमके तिथल्या कचेऱ्यांच्या वेळेत चालते.

वेळेपेक्षाही जास्त फरक विनंत्यांच्या संख्येने पडतो. ५,००० नोंदी एकेक करून मागितल्या, तर सेकंदाला ३ या वेगाने जवळजवळ २८ मिनिटे जातात. एका विनंतीत २०० ओळखक्रमांक दिले, तर २५ विनंत्यांत काम संपते. बॅकऑफ आणि जिटर हे मर्यादा ओलांडल्यानंतरचे उपाय आहेत. रोजच्या कामात ४२९ वारंवार येत असेल, तर थांबण्याचे सूत्र बदलण्याआधी आपण किती विनंत्या पाठवतो आणि त्यांतल्या किती एकत्र करता येतील, हे मोजावे.