एक इंजेक्शन मिनिटांचं, दुसरं दिवसाचं

लातूरला क्लास लावलेल्या कुणालाही विचारा. ‘पेप्टाइड हार्मोन जलद, स्टेरॉइड हार्मोन सावकाश’ हे वाक्य त्याला पाठ असतं. चार पर्यायांतला बरोबर पर्याय निवडायला तेवढं पुरतंही. पण हा फरक पुस्तकाबाहेर बघायचा असेल, तर प्रसूती कक्षात जा. तिथे दोन छोट्या कुप्या असतात. एक ऑक्सिटोसिनची, दुसरी डेक्सामेथासोनची. पहिलं पेप्टाइड, दुसरं स्टेरॉइड. दोन्ही दंडात किंवा मांडीत टोचतात. पहिल्याचा परिणाम दोन-तीन मिनिटांत दिसतो. दुसऱ्याचा पुरता फायदा मिळायला निदान एक दिवस जावा लागतो.

आधी जलदवालं घेऊ. बाळ जन्मलं की आईला ऑक्सिटोसिनची १० युनिट्स देतात. गर्भाशय घट्ट आवळलं जावं आणि रक्तस्राव थांबावा, हा त्यामागचा उद्देश. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटीशी माळ. ती पाण्यात विरघळते, आणि पेशीचं आवरण तर चरबीचं. त्यामुळे ती आत शिरू शकत नाही. ती दारावरची बेल वाजवते. ही बेल म्हणजे आवरणावरचा रिसेप्टर. बेल वाजली की आत निरोप्यांची साखळी सुरू होते, पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं आणि स्नायू आकसतो. इथे मुद्दा असा की आकसायला लागणारी सगळी प्रथिनं पेशीत आधीपासून तयार बसलेली आहेत. नवीन काहीच बनवायचं नाही. फक्त ‘चला’ म्हणायचं.

आणि बेल वाजवणारा निघून गेला की काम थांबतं. रक्तातलं ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निम्म्यावर येतं. म्हणून परिणाम टिकवायचा असेल तर सलाईनमधून थेंबथेंब देत राहावं लागतं. (पेप्टाइडचं आणखी एक दुखणं म्हणजे उष्णता. ही कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात ती फ्रिजबाहेर राहिली तर रंगरूप तेच राहतं, पण औषधाची ताकद उतरते.)

आता सावकाशवालं. समजा, परळीतल्या एका बाईला एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. बाळ इतक्या लवकर आलं तर पहिली भीती फुप्फुसांची. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे श्वास सोडल्यावर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाचा चरबीयुक्त लेप लागतो. या वयात तो पुरेसा बनलेला नसतो. डेक्सामेथासोन आईला देतात ते या बाळासाठी.

हे औषध चरबीत विरघळतं, त्यामुळे त्याला बेल वाजवायची गरजच नाही. ते वार ओलांडतं, बाळाच्या फुप्फुसातल्या पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरतं आणि आत वाट बघत असलेल्या रिसेप्टरला चिकटतं. ही जोडी मग केंद्रकात जाते आणि डीएनएवर ठरावीक जागी बसते. इथपर्यंतचा प्रवास मिनिटांचा आहे. वेळ लागतो तो पुढे. जनुकाची एमआरएनए प्रत काढायची, ती केंद्रकाबाहेर आणायची, तिच्यावरून प्रथिनं बनवायची, त्या प्रथिनांनी लेपाचा माल तयार करायचा आणि तो फुग्यांत पसरायचा. ऑक्सिटोसिनने चालू कारखान्याचं बटण दाबलं होतं. इथे यंत्रंच आधी बनवायची आहेत.

हे कळलं कसं? पेशींना एमआरएनए बनवू न देणारं औषध आधी द्यायचं आणि मग हार्मोन. तरीही ऑक्सिटोसिनने स्नायू आकसतोच. स्टेरॉइडचे असे परिणाम मात्र उमटत नाहीत. उशीर नेमका कुठे होतो, याचा हा पुरावा.

जिममधल्या ‘स्टेरॉइड’शी याची गल्लत करू नका. रेणूचा सांगाडा त्याच घराण्यातला, पण रिसेप्टर वेगळा, म्हणून कामही वेगळं. आणि कुठलंही स्टेरॉइड इथे चालत नाही. वारेत एक एन्झाइम आईकडून येणारं कॉर्टिसोल बहुतांश निकामी करून टाकतं. प्रेडनिसोलोनचंही तेच होतं. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन त्याच्या तावडीतून बऱ्यापैकी सुटतात.

ही गोष्ट सापडली न्यूझीलंडमध्ये, मेंढ्यांवर. प्रसूती कशामुळे सुरू होते हे शोधताना ग्रॅहम लिगिन्स यांना दिसलं की स्टेरॉइड दिलेली, फार लवकर जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा जास्त वेळ श्वास घेतायत. ते साल १९६९. तीनच वर्षांनी त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी मातांवरच्या चाचणीचे निकाल छापले.

आता परळीच्या त्या बाईकडे येऊ. तिला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचं ठरलं, असं धरा. अंतर पंचवीसेक किलोमीटर. डोस असतो ६ मिलिग्रॅमचा, दर बारा तासांनी, एकूण चार. पहिला डोस परळीतच दुपारी दोनला दिला तर पुढचे मध्यरात्री दोन, दुसऱ्या दिवशी दुपारी दोन आणि मध्यरात्री दोन. पहिल्या डोसनंतर साधारण २४ तासांपासून सात दिवसांपर्यंत बाळ जन्मलं तर फायदा सर्वांत जास्त. तोच पहिला डोस अंबाजोगाईला पोचून, केसपेपर काढून, संध्याकाळी सहाला दिला तर बाळाच्या फुप्फुसांचे चार तास गेले. ते मोठा डोस देऊन भरून निघत नाहीत, कारण अडथळा औषधाच्या प्रमाणाचा नाहीच, पेशीला लागणाऱ्या वेळेचा आहे. म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत २४ ते ३४ आठवड्यांच्या अशा बाईला पुढे पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा एएनएम ताईंनाही आहे.

मग दिसेल त्या बाईला टोचून टाकावं का? नाही, आणि याचं उत्तर आपल्या जवळच्याच दोन गावांतून आलंय. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सहा देशांतली एक चाचणी छापून आली. त्यात नागपूर आणि बेळगाव होतं. गावपातळीपर्यंत या इंजेक्शनचा वापर वाढवला, तर सर्वांत लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढले. इंजेक्शन मिळालेल्या कित्येक जणींची बाळंतपणं पुढे पूर्ण दिवस भरूनच झाली. म्हणजे ज्या बाळांना गरज नव्हती, त्यांच्याही जनुकांना हुकूम गेला. तो देऊन झाल्यावर ऑक्सिटोसिनसारखं सलाईन बंद करून थांबता येत नाही.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत चाचणी घेतली. बेळगाव यातही होतं. या वेळी आठवडे सोनोग्राफीने ठरवलेले होते आणि नवजात बाळाची काळजी घ्यायची सोय होती. २०२० मध्ये निकाल आला. डेक्सामेथासोनच्या गटात १९.६ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात २३.५ टक्के. म्हणजे साधारण २५ मातांना इंजेक्शन दिलं की एक बाळ जास्त वाचतं.

औषध तेच, फरक आठवडे माहीत असण्याचा आणि पुढच्या सोयीचा. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा अडतो तो इथे. सहा महिने ऊसतोडीला बाहेर असलेल्या बाईकडे पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद असेलच असं नाही. पाळीची तारीखही अंदाजाने सांगितली जाते. ती ३१ आठवड्यांची आहे की ३६, हे पोटावर हात ठेवून नक्की कळत नाही. घरात, शेजारी कुणी गरोदर असेल तर तो पहिला कागद जपून ठेवायला सांगा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

आता क्लासच्या त्या वाक्याबद्दल. ते ढोबळ आहे. ग्रोथ हार्मोन पेप्टाइडच, बाहेरूनच बेल वाजवतं, पण शेवटी जनुकांनाच कामाला लावतं, म्हणून त्याने उंची वाढायला महिने लागतात. उलट प्रोजेस्टेरॉन स्टेरॉइड असूनही शुक्राणूच्या आवरणावरूनच काही सेकंदांत कॅल्शियम आत सोडायला लावतं. त्यामुळे पेपरात पर्याय निवडताना फक्त ‘पेप्टाइड की स्टेरॉइड’ एवढंच बघू नका. पेशीत तयार असलेलं काम सुरू करायचंय की नवीन प्रथिन बनवायचंय, हे आधी बघा.