गृहकर्जाची बँक कधी बदलावी?

स्थिर दरात हप्ता ठरलेला असतो, पण दर सहसा चढा असतो आणि अनेकदा पहिली काही वर्षेच स्थिर राहतो. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे बहुधा रेपो दराला जोडलेली असतात. त्यावर बँक स्वतःचे अधिमूल्य लावते. नव्या ग्राहकाला ते कमी मिळाले, तरी जुन्याचे तसेच राहते.

समजा 40 लाख रुपये आणि 15 वर्षे बाकी आहेत. दर 9 वरून 8.25 टक्क्यांवर आला, तर हप्ता सुमारे 1,765 रुपयांनी घटतो. प्रक्रिया शुल्क, मुद्रांक शुल्क वगैरे खर्च 35,000 धरला, तर तो 20 महिन्यांत वसूल होतो. मात्र मुदत पुन्हा 20 वर्षे करून घेतली, तर एकूण व्याज उलट वाढेल. आधी आपल्याच बँकेकडे दर कमी करण्याचा अर्ज द्या. तिचे शुल्क बहुधा कमी पडते.