पाळता न येणारी एलसी

इचलकरंजीतल्या एका सूत निर्यातदाराचा नमुना घेऊ. नमुना रचलेला आहे, पण बांगलादेशाशी सुताचा व्यापार करणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. नारायणगंजच्या एका होजिअरी कारखान्याने त्याच्याकडे तीस काउंटच्या कोंब्ड सुताची २०,००० किलोची मागणी नोंदवली. भाव किलोला ३.२० डॉलर, चितगावपर्यंतचे जहाजभाडे धरून. एकूण ६४,००० डॉलर. प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर साफ लिहिले होते की एलसी हाती आल्यापासून तीस दिवसांत माल जहाजावर चढेल. ३ मार्चला एलसी आली. रक्कम बरोबर, बँक नावाजलेली. निर्यातदाराने सूतगिरणीला फोन करून टाकला.

बँकेतल्या फॉरेक्सच्या अधिकाऱ्याने ती पुढे वाचली, तेव्हा चार ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा पडल्या. माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख २० मार्च होती आणि एलसीची मुदत ४ एप्रिलला, तीही ढाक्यात, संपत होती. माल ‘मुंबई पोर्ट’हून निघावा असे लिहिले होते. वाटेत एका जहाजातून दुसऱ्या जहाजात माल हलवायला, म्हणजे ट्रान्सशिपमेंटला, मनाई होती. आणि कागदपत्रांच्या यादीत एक तपासणी प्रमाणपत्र होते, खरेदीदाराच्या अधिकृत प्रतिनिधीने सही केलेले. ती सही एलसी उघडणाऱ्या बँकेकडच्या नमुना सहीशी जुळायला हवी होती.

एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने विक्रेत्याला दिलेला शब्द. यादीतली कागदपत्रे, सांगितल्या स्वरूपात, मुदतीत दाखवा, पैसे आम्ही देतो, एवढाच तो शब्द. हा व्यवहार पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या ‘यूसीपी ६००’ या नियमांवर चालतो. १ जुलै २००७ पासून ते लागू आहेत. बँक सूत पाहत नाही, गाठ मोजत नाही, प्रोफॉर्मावर काय ठरले होते हेही विचारत नाही. ‘आमचे तर तीस दिवस ठरले होते’ हे बँकेला सांगून उपयोग नसतो. एलसीत २० मार्च असेल तर २० मार्च. म्हणून चुकीची अट एलसीतूनच काढून घ्यावी लागते, आणि ते काम विक्रेत्याची बँक करू शकत नाही. विक्रेत्याने खरेदीदाराला सांगायचे, खरेदीदाराने आपल्या बँकेकडे अर्ज करायचा, त्या बँकेने स्विफ्टवर ७०७ क्रमांकाचा दुरुस्ती संदेश पाठवायचा. या तीन टप्प्यांत आठवडा सहज जातो.

मात्र दिसेल त्या चुकीसाठी दुरुस्ती मागू नये. प्रत्येक दुरुस्तीला दोन्हीकडच्या बँका शुल्क लावतात, आणि दहा-बारा बदलांची यादी पाहून खरेदीदार वैतागतो; त्यातले पाच करतो, नेमके महत्त्वाचे राहून जातात. आपल्या पत्त्यातला पिनकोड चुकला आहे, रस्त्याचे स्पेलिंग वेगळे आहे, एवढ्यासाठी सहसा काही मागावे लागत नाही; देश तोच असेल तर पत्ता शब्दशः जुळण्याची सक्ती नियमांत नाही.

ट्रान्सशिपमेंटची अट अशीच फसवी आहे. न्हावा शेव्याहून चितगावला जाणारे कंटेनर बहुतेक वेळा कोलंबोला, नाही तर सिंगापूरला उतरून लहान फीडर जहाजात चढतात, कारण चितगावच्या बंदरात मोठी जहाजे शिरत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सूत घेणे थांबवल्यापासून समुद्र हीच वाट उरली आहे. मग ‘ट्रान्सशिपमेंटला मनाई’ ही अट पाळायची कशी? इथे यूसीपीचे विसावे कलम मदतीला येते. माल कंटेनरमधून गेला आहे असे बिल ऑफ लेडिंगवर दिसत असेल आणि सगळा प्रवास एकाच बिलाखाली असेल, तर एलसीत मनाई असूनही ट्रान्सशिपमेंटचा उल्लेख बँकेला चालतो. ही अट तशीच राहू दिली तरी हरकत नाही. पण एलसीच्या जादा अटींमध्ये या कलमाचा तो भाग लागू नसल्याचे लिहिले असेल, तर मात्र ती खरीखुरी मनाई होते आणि दुरुस्ती मागावीच लागते. त्या ओळी वाचल्याशिवाय निश्चिंत होऊ नये.

बंदराचे तसे नाही. मुंबई बंदर आणि न्हावा शेवा ही दोन वेगळी बंदरे आहेत. खरेदीदाराच्या कारकुनाला ती एकच वाटतात. शिपिंग लाइन मात्र बिल ऑफ लेडिंगवर न्हावा शेवाच छापते, आणि कागद तपासणारा माणूस तिथेच बोट ठेवतो. इथे ‘मुंबई’च्या जागी ‘न्हावा शेवा’ मागण्यापेक्षा ‘भारतातील कोणतेही बंदर’ असे मागावे. ऐनवेळी जहाज मिळाले नाही आणि माल मुंद्र्याहून न्यावा लागला, तर दुसरी दुरुस्ती नको.

तारखेची गाठ सर्वांत अवघड, आणि त्याचे कारण खरेदीदाराच्या आडमुठेपणात नसते. बांगलादेशातली सुताची एलसी पुष्कळदा ‘बॅक टू बॅक’ असते. युरोपातल्या कपड्यांच्या दुकानसाखळीने नारायणगंजच्या कारखान्याला टी-शर्टसाठी एलसी दिलेली असते, आणि त्याच एलसीच्या आधाराने कारखान्याची बँक सुताची एलसी उघडते. टी-शर्ट कोणत्या तारखेला निघायचे ते वरच्या एलसीत ठरलेले असते. विणकाम, रंगाई, शिलाईचे दिवस मागे मोजत आले की सुताची तारीख निघते. मग प्रोफॉर्मावर तीस दिवस लिहिलेले असले तरी हाती पडतात सतरा. तेव्हा खरेदीदाराला रागाने ‘तुम्ही करार मोडलात’ असे लिहून काही हाती लागत नाही. त्याच्याकडे किती दिवसांची सवड आहे ते फोनवर आधी काढून घ्यावे, मग लेखी मागावे.

मागतानाही एक चूक फार जण करतात: माल चढवण्याची तारीख वाढवून घेतात आणि एलसीची मुदत तशीच राहते. १० एप्रिलपर्यंत माल चढवायला परवानगी, पण एलसी ४ एप्रिललाच संपलेली! आपल्या निर्यातदाराचे सूत २४ मार्चला तयार होणार होते आणि जहाज २९ मार्चच्या आसपास होते. त्याने चढवण्याची तारीख १० एप्रिल मागितली, त्यानंतर कागद सादर करायला २१ दिवस, आणि एलसीची मुदत ५ मे. वरचे चार दिवस कागद कुरिअरने ढाक्याला पोचण्यासाठी. १० एप्रिल कशाला, २९ मार्चच मागायची होती, असे कोणी म्हणेल. पण जहाजाची तारीख म्हणजे कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेल्याची नव्हे, तर प्रत्यक्ष जहाजावर चढल्याची. आणि फीडरची वेळ चुकली की आठवडा जातो.

राहिले तपासणी प्रमाणपत्र. माझ्या मते चार अटींमध्ये खरी जीवघेणी हीच. बाकीच्या अटी अज्ञानातून येतात. ही अट पैसे देण्याची किल्ली खरेदीदाराच्या खिशात ठेवते. प्रतिनिधी आलाच नाही, तर प्रमाणपत्र नाही. आला आणि त्याने सही केली, तरी बँकेकडची नमुना सही विक्रेत्याला कधीच पाहायला मिळत नाही. सही जुळत नाही म्हणून कागद परत आले तर तो काय करणार? अशा एलसीमागे बँकेचा शब्द असून नसल्यासारखा. खरेदीदाराची गुणवत्तेची काळजी खोटी नसते. म्हणून अट नुसती काढा म्हणण्याऐवजी त्याच्या जागी त्रयस्थ तपासणी संस्थेचा अहवाल सुचवावा. सुताचा काउंट, ताकद आणि असमानता अशी संस्था तपासून देते, आणि तिची सही खरेदीदाराच्या मर्जीवर अवलंबून नसते.

पत्र एकच जावे आणि त्यात सगळे यावे. एलसीचा क्रमांक, मग प्रत्येक बदलासाठी रकान्याचा क्रमांक, सध्याचा मजकूर आणि त्याजागी हवा असलेला मजकूर अक्षरशः. ‘तारीख वाढवावी’ असे लिहिले की किती वाढवायची ते तिकडचा कारकून ठरवतो. कारण एका वाक्यात पुरे. शुल्क कोण भरणार ते लिहावे. चूक खरेदीदाराची असेल तर त्याने भरावे, आपली असेल तर आपण. शेवटी, दुरुस्ती हाती आल्यावरच माल निघेल, हे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे.

यावर उत्तर बहुधा व्हॉट्सअॅपवर येते: ‘भाई, तुम्ही माल पाठवा, कागद मी सोडवतो.’ तो मनापासूनही म्हणत असेल. पण बँकेला तो संदेश दिसत नाही. माल वाटेवर असताना कापूस उतरला आणि सुताचा भाव किलोमागे वीस सेंट खाली आला, तर याच २०,००० किलोवर त्याचे ४,००० डॉलर वाचतात, आणि बंदराच्या नावातला फरक त्याला अचानक महत्त्वाचा वाटू लागतो.

आपल्या निर्यातदाराकडे १२ मार्चला दुरुस्ती आली. तारखा मान्य, बंदर मान्य, त्रयस्थ तपासणी मान्य. शेवटी मात्र एक नवी ओळ होती: मूळ बिल ऑफ लेडिंगच्या तीन प्रतींपैकी एक माल चढल्यापासून तीन दिवसांत थेट खरेदीदाराला कुरिअर करावी. दिसायला साधी गोष्ट. पण एका मूळ प्रतीवर माल सोडवता येतो. बँकेने पैसे देण्याआधीच सूत कारखान्यात पोचले असते. यूसीपीच्या दहाव्या कलमानुसार दुरुस्ती अर्धी स्वीकारता येत नाही. चांगले तेवढे घेतो म्हटले की ती सगळीच नाकारल्यासारखी होते. गप्प बसणे म्हणजे स्वीकारही नव्हे. मात्र दुरुस्तीला धरून कागद सादर केले की ती स्वीकारली असे मानले जाते. त्याने बँकेमार्फत लेखी नकार कळवला आणि खरेदीदाराला लिहिले की मूळ प्रतीऐवजी झेरॉक्स लगेच ईमेल करू. १८ मार्चला नवी दुरुस्ती आली, त्या ओळीशिवाय. ती त्याने लेखी स्वीकारली. २ एप्रिलच्या तारखेचे बिल ऑफ लेडिंग मिळाले.

माल आधीच निघून गेला असता तर? तफावत असलेले कागद बँक ‘कलेक्शन’वर पाठवते किंवा खरेदीदाराच्या संमतीची वाट पाहते, दोन्ही वाटांवर बँकेचा शब्द संपलेला असतो. माल दुसऱ्याला विकायचा तर तिकडच्या कस्टम्सला सहसा मूळ खरेदीदाराचे ना-हरकत पत्र लागते. आणि चितगावच्या यार्डात कंटेनरचे भाडे रोज चढत असते, हे विक्रेत्याआधी खरेदीदाराला ठाऊक असते.