पाठ टाचणापासून स्टोरीबोर्डपर्यंत: शिक्षकाच्या प्रोफाइलमध्ये नेमके काय बदलायचे?

शाळेतली नोकरी सोडून कॉर्पोरेट प्रशिक्षण किंवा इन्स्ट्रक्शनल डिझाइनकडे वळू पाहणाऱ्या शिक्षकांना पहिला सल्ला मिळतो तो शब्द बदलण्याचा. ‘विद्यार्थी’ खोडून ‘लर्नर’ लिहा, ‘शिकवले’ऐवजी ‘फॅसिलिटेट केले’ म्हणा, ‘पाठ टाचण’ला ‘लर्निंग डिझाइन’ करा, म्हणजे प्रोफाइल तयार झाली. हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे, आणि सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो. ‘आठवी ते दहावीला विज्ञान शिकवले, निकाल शंभर टक्के’ या ओळीची ‘तीन इयत्तांच्या लर्नर्सना इंटरॅक्टिव्ह कंटेंट डिलिव्हर केला’ अशी ओळ केली, तरी वाचणाऱ्याच्या हाती नवे काहीच लागत नाही. उलट पहिल्या ओळीत निदान निकाल तरी होता. प्रशिक्षण विभागातल्या माणसाला जाणून घ्यायचे असते ते एवढेच: काम कुठे अडले होते, त्यातले शिकवून सुटण्यासारखे किती होते, तुम्ही काय बनवले आणि त्यानंतर लोकांच्या कामात काय बदलले. याची उत्तरे देणारा पुरावा प्रोफाइलमध्ये नसेल, तर शब्द कितीही बदलले तरी उपयोग नाही.

दुसरा गैरसमज याला जोडूनच येतो. शिकवणे ते शिकवणे, समोर मुले असोत की मोठी माणसे, असे अनेकांना वाटते. वर्ग हाताळणे, अवघड गोष्ट सोपी करून सांगणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याला कळले की नाही हे ओळखणे, ही कौशल्ये खरोखर कामी येतात आणि त्यांना कमी लेखू नये. फरक आहे तो त्याआधीच्या टप्प्यात. शाळेत अभ्यासक्रम ठरलेला असतो. प्रकाशाचे परावर्तन शिकवायचे की नाही, हे शिक्षकाला कोणी विचारत नाही. कंपनीत पहिला प्रश्नच ‘इथे प्रशिक्षणाची गरज आहे का’ हा असतो. 1975 साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी तयार झालेली आणि पुढे ‘अ‍ॅडी’ या नावाने रूढ झालेली पद्धत विश्लेषणापासून सुरू होते. रचना, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन त्यानंतर. रॉबर्ट मेगर यांनी याच टप्प्यासाठी एक साधी कसोटी सुचवली: जीवावर बेतले तर हे काम त्या माणसाला करता येईल का? येत असेल, तर अडचण ज्ञानाची नाही आणि वर्ग भरवून ती सुटणार नाही. शिक्षकाच्या प्रोफाइलमध्ये बहुधा हाच टप्पा रिकामा असतो, कारण शाळेने तो त्याच्याकडून कधी मागितलेलाच नसतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. शाळेत राहून कॉर्पोरेट कामाचा पुरावा आणायचा कुठून? पण शाळा हीसुद्धा मोठ्या माणसांची कामाची जागा आहे आणि तिथेही कामे अडतातच. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. विद्यार्थ्यांची माहिती पोर्टलवर भरायची, ती आधारशी जुळायला हवी, आणि जुळली नाही तर संचमान्यतेच्या वेळी विद्यार्थीसंख्येचा प्रश्न उभा राहतो. समजा, एका शाळेत न जुळणाऱ्या 62 नोंदी आहेत. नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे सगळ्या शिक्षकांना बसवून पोर्टल कसे वापरायचे ते पुन्हा दाखवणे. इन्स्ट्रक्शनल डिझाइनर मात्र आधी त्या 62 नोंदी कागदपत्रांशी ताडून पाहील. समजा, त्यातल्या 17 प्रकरणांत आधार कार्ड आणि शाळेचे जनरल रजिस्टर यांच्यातच तफावत निघाली. ती कागद दुरुस्त करूनच मिटणार, तिथे कोणत्याही प्रशिक्षणाचा उपयोग नाही. उरलेल्या 45 मध्ये कागद बरोबर, भरलेली नोंद चुकीची. ती चूक का झाली, हे नोंद भरणाऱ्यांशी बोलल्यावर कळते: माहिती कार्डाच्या प्रतीवरून न भरता हजेरीपटावरून भरली गेली आणि इंग्रजी स्पेलिंग अंदाजाने टाकले गेले. म्हणजे पोर्टल वापरता येत नाही ही अडचण नाहीच. कोणता कागद समोर ठेवायचा आणि तफावत दिसली की काय करायचे, हा निर्णय चुकतो आहे.

एवढे समजल्यावर उद्दिष्ट लिहिता येते, आणि इथे बी.एड.चा अनुभव खरेच उपयोगी पडतो. पाठ टाचणात उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे लिहायची सवय शिक्षकाला असतेच. मेगर यांनी 1962 च्या पुस्तकात उद्दिष्टाचे जे तीन भाग सांगितले, म्हणजे कृती, परिस्थिती आणि निकष, ते त्याला परके वाटणार नाहीत. ‘शिक्षकांना आधार-पडताळणीचे महत्त्व समजेल’ हे उद्दिष्ट टिकत नाही, कारण ‘समजेल’ हे डोळ्यांना दिसत नाही. ‘आधार कार्डाची प्रत आणि रजिस्टरचा उतारा समोर असताना, दहा नमुना प्रकरणांपैकी दहाही प्रकरणांत शिक्षक योग्य निर्णय देईल: नोंद भरायची, की थांबवून दुरुस्तीसाठी पाठवायची’ हे टिकते. त्याला पुरे पडेल ते एक पानी मार्गदर्शिका आणि चाळीस मिनिटांचा सराव. दोन तासांचे व्याख्यान लागत नाही, आणि लागत नाही हे स्पष्ट लिहून ठेवणे हाही पुराव्याचाच भाग आहे.

आता याचा स्टोरीबोर्ड. प्रत्येक पडद्यासाठी एक ओळ आणि त्यात रकाने: पडद्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल, शिकणारा काय करेल, चुकला तर काय होईल. एक पडदा जवळून पाहू. डावीकडे आधार कार्डाचा नमुना, त्यावर वडिलांचे नाव `Sandip`. उजवीकडे भरायचा तक्ता, त्यात आधीच टाकलेले `Sandeep`. खाली दोन पर्याय: उच्चार तोच आहे म्हणून पुढे जायचे, की कार्डाप्रमाणे बदलायचे. नवखा माणूस चुकीच्या पर्यायावर ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच लिहितो. जाणकार त्या जागी परिणाम दाखवतो: नोंद पडताळणीत अडकली, महिन्यानंतर मुख्याध्यापकांकडून यादी आली, आता पालकांना पुन्हा बोलवावे लागेल. शिकणाऱ्याला त्याच्या निर्णयाचे फळ दिसते आणि ‘का’ हे वेगळे सांगावे लागत नाही. या पडद्यात नमुना नावे आणि बनावट क्रमांकच वापरायचे. खऱ्या विद्यार्थ्याचे कार्ड पोर्टफोलिओत दिसले, तर गोपनीय माहिती कशी हाताळतात याचे भान तुम्हाला नाही, असाच निष्कर्ष निघेल आणि तो रास्त असेल.

प्रोफाइलमधली ओळ या कामातून आपोआप येते: ‘न जुळणाऱ्या 62 नोंदींचे विश्लेषण करून प्रशिक्षणाने सुटणाऱ्या 45 वेगळ्या काढल्या, शिक्षकांसाठी एक पानी मार्गदर्शिका आणि सराव सत्र तयार केले’. परिणामाबद्दल मात्र जपून लिहावे. सत्रानंतर 45 नोंदी दुरुस्त झाल्या, यावरून जुने काम निपटले एवढेच सिद्ध होते. सवय बदलली की नाही, हे जूनमध्ये नव्या प्रवेशांच्या नोंदी तपासल्यावर कळेल. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून मांडलेल्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या इथे उपयोगी पडतात: लोकांना सत्र कसे वाटले, ते काय शिकले, कामावर काय बदलले, संस्थेला काय मिळाले. शिक्षकाकडे पहिल्या दोन पायऱ्यांचा पुरावा भरपूर असतो, अभिप्रायही आणि गुणही. निवड करणारा पाहतो ती तिसरी पायरी. एक छोटे काम तिसऱ्या पायरीपर्यंत नेऊन दाखवले, तर प्रोफाइलमधली दहा वर्षांची निकालाची टक्केवारी त्यापुढे फिकी पडते.

मग प्रमाणपत्र आणि सॉफ्टवेअर? ‘आधी आर्टिक्युलेट स्टोरीलाइन शिका, एखादा महागडा कोर्स करा, मग अर्ज करा’ हा सल्लाही सर्रास दिला जातो. त्यात तथ्य एवढेच की नोकरीच्या जाहिरातींत अशा साधनांची नावे असतात आणि ती अजिबात न येणाऱ्याचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळू शकतो. म्हणून वर सांगितलेला स्टोरीबोर्ड चाचणी आवृत्तीत प्रत्यक्ष बनवावा आणि तो ‘स्कॉर्म’ स्वरूपात प्रकाशित करून पाहावा. कोर्स कोणी पूर्ण केला, किती गुण पडले, ही माहिती कंपनीच्या प्रशिक्षण प्रणालीला कळावी यासाठीची ती प्रमाणित बांधणी आहे. पण क्रम उलटा करू नये. साधन आधी शिकलेल्या माणसाच्या पोर्टफोलिओत फिरणारी चित्रे, उडणारी बटणे आणि ओढून जागेवर ठेवायचे खेळ असतात. त्यामागे कोणती अडचण होती, हे विचारल्यावर उत्तर नसते.

एका बाबतीत मात्र बी.एड.चे ज्ञान अडचणीत आणते. दृश्य, श्राव्य आणि कृतिशील असे विद्यार्थ्यांचे प्रकार पाडून त्यानुसार शिकवावे, हे अनेक शिक्षक प्रोफाइलमध्ये अभिमानाने लिहितात. 2008 मध्ये पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यात या समजुतीला पुरेसा प्रायोगिक आधार आढळला नाही, आणि या क्षेत्रातले वाचते लोक ते जाणून असतात. ती ओळ काढून टाकलेली बरी.

शेवटचा गैरसमज असा की प्रशिक्षक आणि इन्स्ट्रक्शनल डिझाइनर ही एकाच कामाची दोन नावे आहेत. प्रशिक्षक लोकांसमोर उभा राहतो. डिझाइनरचा बहुतेक वेळ लिहिण्यात, विषयतज्ज्ञाकडून माहिती काढून घेण्यात आणि त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या करण्यात जातो. ज्याला वर्गातला जिवंतपणा हवा आहे, त्याने डिझाइनरची प्रोफाइल बनवली तर काम मिळूनही तो कंटाळेल. प्रशिक्षकाच्या प्रोफाइलला स्टोरीबोर्डपेक्षा मोठ्या माणसांसमोर घेतलेल्या सत्राचे दहा मिनिटांचे चित्रीकरण जास्त बोलके ठरते, आणि त्यात त्याच्या बोलण्यापेक्षा त्याने विचारलेले प्रश्न जास्त दिसायला हवेत. डिझाइनरच्या निवडीत अनेकदा लेखी काम देतात: एखादे लांबलचक धोरणपत्र हाती देऊन त्याचा छोटा स्टोरीबोर्ड मागतात. शिक्षक इथे अडखळतो तो एका सवयीमुळे. पुस्तकातले काही सुटू नये, परीक्षेत आले तर, या काळजीने तो पानन् पान पडद्यावर आणतो. तपासणारा मात्र पाहत असतो की वीस पानांतून कर्मचाऱ्याला सोमवारी सकाळी घ्यायचे तीन-चार निर्णय उमेदवाराने कसे निवडले आणि बाकीचा मजकूर कोणत्या कारणासाठी वगळला. ते कारण स्टोरीबोर्डच्या सुरुवातीलाच दोन ओळींत लिहून द्यावे.